वाताची गोळी आणि प्रेशरची गोळी: आईला किडनीचा रिपोर्ट कळवताना

आई इंदूरला लोकमान्य नगरात एकटी राहते. वय ७६. मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबच्या बायोकेमिस्ट्री विभागात काम करते, म्हणजे रक्ताचे आकडे वाचणं हा माझा रोजचा धंदा. तरीही मे महिन्यात आईचा रिपोर्ट तिला कळवताना मी जो मेसेज लिहिला, त्याने पाच दिवस तिची नको ती गोळी बंद राहिली आणि नको ती चालू राहिली. नेमकं काय झालं आणि दुसऱ्यांदा मी तेच कसं लिहिलं, ते सविस्तर मांडते आहे. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील असेच लांब आहेत, आणि रिपोर्टची पीडीएफ आता आपल्याआधी त्यांच्याच फोनवर पोचते.

आईला ब्लडप्रेशर आहे. त्यासाठी ती रोज सकाळी एक गोळी घेते, तिच्यात टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं थोडं औषध, अशी दोन औषधं आहेत. गुडघे झिजलेत. त्यासाठी गेल्या हिवाळ्यापासून ती मेडिकलवरून आणलेली एक गोळी घेत होती, दिवसाला एक, कधी दोन. ही गोळी म्हणजे अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. डॉक्टरांनी ती पूर्वी कधीतरी पाच दिवसांसाठी लिहून दिली होती. पाच दिवसांचे पाच महिने झाले हे मला माहीत नव्हतं.

वर्षाच्या तपासणीसाठी लॅबचा मुलगा सकाळी घरी येऊन रक्त घेऊन गेला. संध्याकाळी रिपोर्ट आला. साखर ठीक, हिमोग्लोबिन ११.८, पोटॅशियम ठीक. क्रिएटिनिन १.२, ठळक अक्षरात, वाढल्याची खूण केलेलं. युरिया ५२, तोही वाढलेला. ईजीएफआर ४७. मागच्या वर्षीचा रिपोर्ट माझ्याकडे होता. तेव्हा क्रिएटिनिन १.० आणि ईजीएफआर ५९ होता.

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज ठरावीक प्रमाणात निघणारा कचरा आहे आणि किडनी तो बाहेर टाकते. रक्तात तो साचू लागला की किडनीचं काम मंदावलं असं समजतात. पण आईसारख्या बारीक, कमी स्नायूंच्या बाईत तो मुळातच कमी तयार होतो, त्यामुळे १.२ हा आकडा दिसायला किरकोळ असला तरी तसा नसतो. म्हणून क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यांवरून एका सूत्राने ईजीएफआर काढतात. किडनी दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते, त्याचा तो अंदाज असतो. तरुणपणी तो शंभराच्या आसपास असतो, सत्तरीनंतर साठ-सत्तर असणं नेहमीचं. वर्षभरात ५९ वरून ४७ हा उतार मात्र नुसत्या वयाने होत नाही.

मी लॅबमधून निघता निघता हा मेसेज पाठवला:

"आई, रिपोर्ट पाहिला. क्रिएटिनिन थोडं वाढलंय, ईजीएफआर ४७ आहे. काळजी करू नकोस, वयानुसार असतं. पेनकिलर बंद कर, पाणी भरपूर पी. बाकी डॉक्टरांना विचारू."

यात एकही वाक्य चूक नव्हतं असं मला तेव्हा वाटलं. आईने "बरं" असं उत्तर दिलं आणि मी निश्चिंत झाले.

पाच दिवसांनी

पाचव्या दिवशी संध्याकाळी फोनवर आईचा आवाज ओढलेला वाटला. डोकं जड आहे म्हणाली. घरी प्रेशर मोजायचं मशीन आहे, त्यावर मोजायला लावलं तर १६८/९४. तिचं एरवी १३५-१४० च्या पुढे जात नाही. गोळी घेतेस ना, असं विचारल्यावर ती म्हणाली, "तूच तर बंद करायला सांगितलीस."

मग मी घाई सोडली. माझा मेसेज तिला मोठ्याने वाचायला लावला आणि प्रत्येक वाक्याशी थांबवून विचारलं, की यातून तुला काय कळलं? हा प्रश्न मी पाच दिवस आधी विचारायला हवा होता.

"काळजी करू नकोस" यातून तिला कळलं की काहीतरी मोठं आहे आणि मी ते लपवते आहे. बाबांच्या शेवटच्या आजारात आम्ही सगळे हेच वाक्य बोलत होतो. ते माझ्या लक्षात नव्हतं, तिच्या होतं.

"वयानुसार असतं" यातून तिने घेतलं, की आता काही करण्यासारखं उरलेलं नाही.

"४७" हे तिने शंभरातले ४७ असं धरलं. म्हणजे निम्म्याहून जास्त किडनी गेली. पीडीएफमधली ठळक अक्षरं तिने शेजारच्या भाभींना दाखवली होती. त्यांनी विचारलं, "गुर्दे खराब हो गए क्या?" आणि ओघात डायलिसिसचाही विषय निघाला. चार रात्री तिला धड झोप नव्हती.

"पाणी भरपूर" म्हणून ती दर तासाला तांब्याभर पाणी पीत होती. लघवी वाढवणारं औषध चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाने असं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं, गोंधळल्यासारखं होतं, चक्कर येऊन पडायला होतं. आईने त्या गोळीलाच सुट्टी दिली होती म्हणून बहुधा हे टळलं. हे मी भरपूर या एका शब्दात लिहून मोकळी झाले होते.

आणि "पेनकिलर". आईच्या लेखी तिच्या घरात पेनकिलर नव्हतीच. गुडघ्यासाठी ती घेते ती *वाताची गोळी*. वात वाढला की गुडघे धरतात, गोळीने वात बसतो, असं तिचं साधं गणित आहे. पेनकिलर म्हणजे ऑपरेशननंतर देतात ते. मग मी कोणती गोळी बंद करायला सांगितली असेल? तिने भाभींना विचारलं. भाभींना कुणीतरी सांगितलं होतं की "प्रेशर की गोली किडनी पे असर करती है." ते आईला पटलं, आणि तिने प्रेशरची गोळी थांबवली. वाताची चालूच होती. चिंतेने गुडघे जास्त दुखायला लागले तसे दिवसाला दोन.

आणखी एक गोष्ट त्याच फोनवर निघाली. लॅबवाल्याने "उपाशी राहा" सांगितलं होतं. आईचा उपास म्हणजे उपास. आदल्या रात्री आठनंतर सकाळी साडेनऊपर्यंत, मे महिन्याच्या उकाड्यात, तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. साखर आणि चरबीच्या तपासणीसाठी उपाशी राहायचं असतं ते अन्नापुरतं, पाणी चालतं. पाणी तोडून दिलेल्या रक्तात युरिया चढतो, क्रिएटिनिनही थोडं सरकतं. म्हणजे मी ज्या ४७ वर मेसेज लिहिला होता, तो आकडाच अजून पक्का नव्हता.

आधी डॉक्टर, मग मेसेज

त्या रात्री मी आईला काहीच लिहिलं नाही, फक्त तोंडी सांगितलं की प्रेशर पुन्हा मोज, छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली किंवा धाप लागली तर भाभींना हाक मार आणि मला लगेच फोन कर. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूरच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांशी बोलले. रिपोर्ट मला वाचता येतो, पण आईची औषधं बदलणं हे त्यांचं काम आहे. आणि आईही माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकते.

त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. वाताची गोळी पूर्ण बंद. प्रेशरची आजपासून पुन्हा सुरू. दुखलं तर साधी पॅरासिटामॉल. पंधरा दिवसांनी पुन्हा क्रिएटिनिन आणि युरिया, सोबत लघवीत प्रथिन जातं का ते पाहायची तपासणी. ती एरवी राहून जाते, पण किडनीला खरी इजा आहे का हे ठरवायला तिचा मोठा उपयोग होतो.

वाताची गोळीच का, हे आईला कळेल असं कसं सांगायचं, यावर मी बराच वेळ घालवला. अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही एकाच जातीची औषधं. किडनीत रक्त आणणारी बारीक नळी शरीर स्वतःच्या एका रसायनाने मोकळी ठेवतं. दुखणं थांबवताना ही औषधं तेच रसायन दाबतात आणि आत येणारी नळी आवळली जाते. टेल्मिसार्टन उलट बाजूने, म्हणजे बाहेर जाणारी नळी सैल करतं. एरवी हे किडनीच्या हिताचं असतं, आतला ताण उतरतो. पण येणारी आवळलेली, जाणारी सैल, आणि लघवीच्या औषधाने अंगातलं पाणी आधीच कमी, असे तीन योग जुळले की गाळायला लागणारा दाब राहत नाही. म्हाताऱ्या माणसांत हा प्रकार वारंवार दिसतो, आणि वेळेवर लक्षात आला तर बराचसा मागेही फिरतो.

ईजीएफआर हा मुळात प्रवाहाचा आकडा, मिनिटाला इतके मिलिलिटर. मला इंदूरच्या घरातला नर्मदेच्या पाण्याचा नळ आठवला. पाणी यायच्या वेळी आई बादली लावून धार बघत उभी असते. कोणत्या दिवशी धार बारीक आहे, बादली भरायला किती वेळ लागणार, हे तिला मिनिटात कळतं. गाळणी, चाळणी, फिल्टर यांपेक्षा हे बरं वाटलं, कारण यात व्हॉल्व्ह होता. आवळलेला व्हॉल्व्ह सैल करता येतो, आणि जुन्या पाइपाचा गंज मात्र तसाच राहतो. दोन्ही गोष्टी एकाच चित्रात खऱ्या सांगता येत होत्या.

दुसरा मेसेज

तो जसाच्या तसा देते.

"आई, मागचा मेसेज मी घाईत लिहिला होता. तो सोडून दे, आता हाच धर. आज सकाळी मी आपल्या डॉक्टरांशी बोलले. खालचं सगळं त्यांना विचारून लिहिलंय.

वाताची गोळी, म्हणजे गुडघ्यासाठी घेतेस ती मोठी केशरी, आजपासून घ्यायची नाही. अर्धीसुद्धा नाही.

प्रेशरची गोळी, म्हणजे देवपूजेनंतर घेतेस ती छोटी पांढरी, रोज घ्यायची. आजची आत्ता घे.

गुडघा दुखला तर साधी पॅरासिटामॉल. डॉक्टर चिठ्ठी पाठवताहेत, मेडिकलवाला घरी आणून देईल. दिवसात दोन, फार झालं तर तीन. गरम पाण्याच्या पिशवीने शेक.

आता रिपोर्टचं. किडनीची धार मोजतात. मागच्या वर्षी ५९ होती, या वेळी ४७ आली. तुझ्या वयाला साठ-सत्तर असते. म्हणजे धार बारीक झाली आहे, हे खरं आहे. नळ बंद पडलेला नाही. वाताची गोळी येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह आवळते, म्हणून ती बंद. शिवाय त्या दिवशी तू पाणीही न पिता रक्त दिलंस, त्यानेही आकडा खाली आला असेल. थोडा भाग वयाचा असेल. कशाने किती, हे आज मलाही सांगता येत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचं. तेव्हा उपास नको, चहा-नाश्ता करून, पाणी पिऊन दे.

भाभी म्हणाल्या ते डायलिसिस धार पंधराच्या खाली गेली तर विचारात येतं. तू ४७ वर आहेस.

पाणी तुझ्या स्टीलच्या ग्लासने दिवसात सात-आठ ग्लास. जेवण नेहमीचं, वरण सोडायचं नाही.

मी काही लपवलेलं नाही. डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते सगळं यात आहे.

वाचून झालं की डबा उघड आणि जी गोळी बंद करणार त्या पाकिटाचा फोटो मला पाठव."

लांब झालाय हे खरं. आईच्या फोनवर अक्षर मोठं आहे, त्यामुळे तो चार-पाच वेळा सरकवावा लागतो. म्हणून गोळ्यांचं सगळ्यात वर घेतलं. पुढचं वाचायचं राहिलं तरी आजचं औषध तरी चुकू नये. समजावणं त्यानंतर. मला वाटतं पहिल्या मेसेजात मी क्रमच उलटा धरला होता: आकडा आधी, धीर मध्ये, आणि करायची गोष्ट शेवटी दोन शब्दांत.

शब्द तिचे घेतले. क्रिएटिनिन हा शब्द दुसऱ्या मेसेजात कुठेच नाही, तिला त्याचं काही करायचं नाही. मात्र ५९ आणि ४७ हे आकडे ठेवले. रिपोर्ट तिच्या हातात आहे, ती ते शोधणार, आणि मी गाळले असते तर पुन्हा लपवल्यासारखं झालं असतं. तुलना तिच्याच मागच्या वर्षाशी केली, कारण आपल्याच दोन आकड्यांमधला फरक माणसाला पटकन कळतो. आणि "काळजी करू नकोस" च्या जागी जे माहीत नाही ते लिहिलं. आई नंतर म्हणाली की "मलाही सांगता येत नाही" या वाक्याशी तिचा जीव खाली पडला. सगळं ठरलेलं असतं तर तू असं लिहिलंच नसतंस, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरांनी आणखी एक सूचना दिली होती: जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवशी प्रेशरची गोळी घेण्याआधी फोन करायचा, कारण अंगातलं पाणी कमी असताना तीच गोळी किडनीवर भार टाकते. महत्त्वाची आहे, पण मी ती मुद्दाम या मेसेजात घेतली नाही. "प्रेशरची रोज घ्यायची" आणि "कधीकधी घ्यायची नाही" ही दोन वाक्यं एकाच कागदावर आली असती तर पुन्हा तोच घोळ. ती दहा दिवसांनी वेगळी लिहिली, आणि भाभींनाही सांगून ठेवली.

हेही सांगायला हवं, की प्रत्येक रिपोर्ट लिहून कळवण्यासारखा नसतो. पोटॅशियम सहाच्या वर असतं किंवा क्रिएटिनिन तीन-चारावर गेलं असतं, तर मी मेसेज लिहीत बसले नसते. सरळ डॉक्टरांना आणि भाभींना फोन करून आईला त्याच तासाला दवाखान्यात न्यायला लावलं असतं. गाठीचा संशय असलेला रिपोर्टही मी लिहून पाठवणार नाही, तो कुणीतरी शेजारी बसलेलं असताना सांगायचा. लिहिलेला मेसेज कामाचा ठरतो तो अशा मधल्या रिपोर्टला, जिथे घाई नाही पण रोजच्या सवयीत एक बदल करायचा आहे, आणि तो आईने पुन्हा पुन्हा उघडून वाचावा असा आहे.

फोटो

तासाभराने फोटो आला. त्यात एक पाकीट अपेक्षित होतं, आली तीन. केशरी गोळीचं, प्रेशरच्या गोळीचं ("ही चालू ठेवलीय बघ"), आणि एक तिसरं, अर्धं संपलेलं. मोठं करून पाहिलं तर डायक्लोफेनॅक. आईने व्हॉइस मेसेज जोडला होता: "ही कंबरेची. राजवाड्याला बाजारात जाते तेव्हा जाताना एक घेते, म्हणजे चालवतं. ही वाताची नाही, म्हणून विचारलं."

या गोळीबद्दल मला माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं. फोटो मागितला नसता तर केशरी बंद होऊन कंबरेची चालू राहिली असती आणि पंधरा दिवसांनी आकडा तसाच का, म्हणून आम्ही सगळे बुचकळ्यात पडलो असतो. मी लिहिलं: "विचारलंस ते फार बरं केलंस. ही पण वाताच्याच जातीची आहे. ही पण बंद." तिने दोन्ही पाकिटं डब्यातून काढून भाभींकडे दिली.

पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन १.१ आणि ईजीएफआर ५२ आला. युरिया ३६ वर उतरला. लघवीतलं प्रथिन मर्यादेत होतं. प्रेशर १३८/८२. आईचा मेसेज माझ्याआधी आला: "धार ५ ने वाढली."

इथे मला लॅबमधली माझी सवय उपयोगी पडली. एकच रक्त दोनदा लावलं तरी क्रिएटिनिन थोडं इकडेतिकडे येतं, आणि माणसातही ते रोज अगदी सारखं नसतं. १.२ चं १.१ एवढ्यावरून सुधारणा झाली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. युरिया उतरला, प्रेशर उतरलं, गोळी बंद आहे, हे सगळं एकाच दिशेला आहे म्हणून विश्वास वाटतो, इतकंच. तिचा आनंद मोडायचा नव्हता आणि खोटाही करायचा नव्हता. मी लिहिलं: "हो, ५२ आली. व्हॉल्व्ह सैल झाल्यासारखा दिसतोय. त्यातला थोडा फरक मोजण्यातलाही असू शकतो, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा बघू. ५९ पर्यंत परत येईलच असं नाही. ५०च्या आसपास टिकली तरी डॉक्टर समाधानी आहेत."

ऑगस्ट यासाठी, की किडनीचा जुनाट आजार असं नाव द्यायला धार साठच्या खाली निदान तीन महिने टिकलेली दाखवावी लागते. तोवर डॉक्टर तो शब्द वापरणार नाहीत, आणि मीही नाही.

त्यावर आईचं उत्तर आलं, "धारेचं कळलं. पण गुडघ्याचं काय? पॅरासिटामॉलने निम्मंच राहतं." याचं उत्तर माझ्या पहिल्या मेसेजात नव्हतं आणि दुसऱ्यातही अर्धंच होतं. डॉक्टरांनी तिला फिजिओथेरपीला पाठवलंय. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा, दहापर्यंत मोजायचं, सोडायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. नळाला पाणी यायच्या वेळी बादली भरेपर्यंत ती तिथेच खुर्ची टाकून करते.